रक्तवाढीची गोळी: चहा, दूध आणि घड्याळ

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात तपासणीला आलेल्या गरोदर बाईच्या पिशवीत दोन तऱ्हेच्या गोळ्या जातात. लाल गोळी रक्तवाढीची: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या बाळंतपणापर्यंत आणि तितक्याच नंतर. दुसरी पांढरी, कॅल्शियमची: ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत थोडं ड जीवनसत्त्व, दिवसातून दोनदा. गोळ्यांबरोबर सूचनाही येतात. लाल गोळी उपाशीपोटी घ्या, नाही जमलं तर जेवणानंतर दोन तासांनी घ्या, चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या, पांढऱ्या गोळीबरोबर तर अजिबात नको. पांढरी मात्र जेवणाबरोबरच घ्या. एवढं सगळं पाळायचं तर दिवसाची आखणी गोळ्यांभोवती करावी लागते. पहाटे उठून धारा काढणाऱ्या, भाकऱ्या थापून रानात जाणाऱ्या बाईला ते जमत नाही, आणि एखादा नियम मोडला की 'आता आज राहू दे' म्हणून गोळीच राहते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणून या सूचनांपैकी कोणत्या खरोखर महत्त्वाच्या आणि कोणत्या सोडल्या तरी चालतील, हे पुराव्यानिशी तपासून घेणं गरजेचं आहे. एखाद्या नियमाने लोह किती वाचतं एवढंच पाहून भागत नाही. तो पाळण्याच्या ओझ्यापायी किती गोळ्या बुडतात, हेही मोजावं लागतं. या दोन्ही कसोट्यांना पुरेपूर उतरणारा नियम लाल गोळीच्या बाबतीत एकच आहे, तो चहाचा.

चहाचं प्रकरण जुनं आणि पक्कं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९७५ साली खुणेचं लोह घातलेला पाव स्त्रियांना चहासोबत आणि चहाशिवाय दिला. चहासोबत लोहाचं शोषण जवळजवळ एक तृतीयांशावर आलं. चहातली तुरट द्रव्यं आतड्यात लोहाला धरून ठेवतात, आणि अशा धरलेल्या लोहाला आतड्याच्या भिंतीतून आत जाता येत नाही. आपल्याकडचा पुरावा बंगळुरूचा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात तरुण बायकांना भाताच्या जेवणासोबत चहा दिला गेला. एका कपाने शोषण साधारण निम्म्यावर आलं, दोन कपांनी एक तृतीयांशावर. ज्यांच्या अंगात रक्त कमी होतं त्यांचं शरीर मुळात जास्त लोह ओढून घेत होतं, पण चहाने त्यांचंही तितकंच नुकसान केलं. हे झालं अन्नातल्या लोहाचं. गोळीतल्या लोहाचं काय, याचं उत्तर २०२३ साली झुरिकमधून आलं. लोहाची कमतरता असलेल्या बायकांना १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी कधी नुसत्या पाण्याबरोबर, कधी कॉफीबरोबर, कधी कॉफी आणि नाश्त्याबरोबर दिली. कॉफीने शोषण ५४ टक्क्यांनी घटलं, नाश्ता आणि कॉफी मिळून ६६ टक्क्यांनी. हा प्रयोग कॉफीचा आहे, चहाचा नाही. पण जिथे दोन्ही पेयं एकाच जेवणाबरोबर तोलून पाहिली तिथे चहा कॉफीहून अधिक बाधक ठरला; १९८३च्या एका अमेरिकी प्रयोगात कॉफीने शोषण ३९ टक्क्यांनी कमी केलं, तर चहाने ६४ टक्क्यांनी.

यावर आपल्याकडे हमखास येणारा आक्षेप असा की, हे कोऱ्या चहाचं झालं, आमच्या चहात तर निम्मं दूधच असतं. दुधातली प्रथिनं चहाची तुरट द्रव्यं बांधून टाकत असतील, हा तर्क वरवर पटण्यासारखा आहे. तो तपासलाही गेला आहे. १९९९ साली निरनिराळ्या पेयांची तुलना झाली तेव्हा चहा-कॉफीत दूध घालून पाहिलं, आणि फरक नगण्य निघाला. तेव्हा भूम-परांड्याकडच्या घट्ट दुधाच्या चहालाही ही सवलत देता येत नाही. चहा सोडा असं मात्र सांगायची गरज नाही. इथे क्रमाला महत्त्व आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. त्याच १९८३च्या प्रयोगात जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काहीही नुकसान केलं नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकंच केलं. पुढे इंग्लंडमध्ये २०१७ साली चहा आणि जेवण यांत तासाचं अंतर ठेवून पाहिलं, तेव्हा चहाचं नुकसान निम्म्यावर आलं, पण संपलं नाही. अन्न पोटात बराच वेळ रेंगाळतं, त्यामुळे मागाहून आलेला चहा त्यातल्या लोहाला गाठू शकतो. आधी प्यालेला चहा तोवर पुढे सरकलेला असतो. म्हणून सांगायचं ते असं: चहा आधी, मग निदान तासभर जाऊ द्या, मग गोळी, आणि गोळीनंतर पुढचा चहा दोन तासांनी. 'गोळी घेतली, आता वर घोटभर चहा' हाच क्रम सगळ्यांत वाईट.

दुधाचं प्रकरण वेगळं आहे. कळंब, भूम, परांडा हा दुभत्याचा पट्टा, कुंथलगिरीच्या खव्याचा मुलूख. घरात दूध असतं आणि रक्तवाढीची गोळी उष्ण पडते अशी समजूतही असते. त्यामुळे सासू सुनेला ती दुधाबरोबर देते आणि आशाताई दुधाला मनाई करते, हा वाद घरोघरी आहे. मनाईमागे आधार आहे. स्वीडनमध्ये १९९१ साली दिसलं की एका जेवणात ३०० ते ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम घातलं तर लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होतं, आणि कॅल्शियम दुधातून आलं काय नि क्षारातून आलं काय, परिणाम तोच. पण हे एका जेवणापुरतं मोजलेलं आहे, आणि त्या जेवणात लोह जेमतेम काही मिलिग्रॅम होतं. त्याच वर्षी अमेरिकेत कॅल्शियम कार्बोनेट आणि लोहाची गोळी अन्नाशिवाय एकत्र दिली, तेव्हा लोहाचं शोषण घटलं नाही. आणि महिनोन् महिने जेवणाबरोबर कॅल्शियम घेणाऱ्या बायकांमधला शरीरातला लोहसाठा मोजला, तेव्हा तोही खालावलेला आढळला नाही. म्हणजे एका घासात दिसणारा अडथळा अनेक महिन्यांच्या हिशेबात बराचसा विरून जातो. माझं मत असं की लाल आणि पांढरी गोळी वेगवेगळ्या वेळी घ्यावी हे योग्य; त्याला फारसा खर्च नाही आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच सुचवते. पण एखाद्या दिवशी दोन्ही एकत्र गेल्या, किंवा सुनेने गोळी अर्धा कप दुधाबरोबर घेतली, तर गोळी वाया गेली असं समजण्याचं कारण नाही. सासूच्या म्हणण्यातही तथ्य आहे: लोहाने पोटात खरंच जळजळतं. सल्फेट रूपातल्या लोहाने मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठ या तक्रारी गोळी न घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे. तिचं निरीक्षण खोडून काढण्यापेक्षा दुधाऐवजी चतकोर भाकरी सुचवणं अधिक उपयोगाचं.

मग उपाशीपोटी घ्यायच्या नियमाचं काय? अन्नाने शोषण घटतं, यात शंका नाही. ज्वारीच्या भाकरीत, तुरीच्या वरणात, हरभऱ्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं आणि तेही लोहाला अडवतं. प्रश्न एवढाच की घटून उरतं किती. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की रक्त कमी असलेल्या एका गरोदर बाईच्या अंगी रिकाम्या पोटी घेतलेल्या ६० मिलिग्रॅमपैकी १५ टक्के, म्हणजे ९ मिलिग्रॅम लोह लागतं. हा आकडा माणसागणिक बदलतो. अंगात लोह जितकं कमी, तितकं शोषण जास्त. जेवणानंतर लगेच घेतल्याने त्यात ४० टक्के घट झाली असं मानलं तर ५.४ मिलिग्रॅम उरतं. आता समजा एकीने नियम तंतोतंत पाळले, पण सकाळी रिकाम्या पोटी मळमळल्याने १८०पैकी ९० गोळ्याच पोटात गेल्या. तिला मिळालं ८१० मिलिग्रॅम. दुसरीने रोज रात्री जेवणावर घेतली आणि १५० गोळ्या संपवल्या. तिलाही ८१० मिलिग्रॅमच मिळालं. संपूर्ण गरोदरपणात सुमारे एक हजार मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं हे लक्षात घेतलं, तर दोघीही त्याच्या जवळ पोचल्या, आणि दुसरीने मळमळ सोसली नाही. तिच्या गोळ्या १५०वरून १६० झाल्या की ती पुढे जाते. म्हणून उपाशीपोटीचा नियम ज्यांना सोसतो त्यांनी पाळावा. ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी तो मोडीत काढावा, आणि हे त्यांना आरोग्यसेविकेने स्वतःहून सांगावं. शाळांमधल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी जेवणानंतर दिली जाते. तिथे शोषणातला थोडा तोटा पत्करून मुलांच्या पोटातली कुरकुर आणि पालकांची धास्ती टाळलेली आहे. शाळेत जो विचार मान्य झाला, तो गरोदर बाईला लागू करायला हरकत कसली?

लिंबाचंही असंच. क जीवनसत्त्व लोहाला विरघळत्या रूपात ठेवतं आणि चहा-फायटेटच्या तावडीतून काही अंशी सोडवतं. बंगळुरूच्या त्याच अभ्यासात भाताच्या जेवणात पुरेसं क जीवनसत्त्व मिसळल्यावर शोषण तिप्पट-चौपट झालं. झुरिकमध्ये गोळीसोबत दिलेल्या ८० मिलिग्रॅमने मात्र ३० टक्केच वाढ झाली, कारण गोळीतलं लोह आधीच विरघळणारं असतं. आणि शांघायमध्ये रक्त कमी असलेल्या ४४० जणांना निम्म्यांना लोह, निम्म्यांना लोह आणि क जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तेव्हा दोन्ही गटांत हिमोग्लोबिन जवळपास सारखंच चढलं. यातून निष्कर्ष निघतो तो असा: लिंबू ताटात हवं, भाकरी-डाळीतलं लोह त्याने वाढतं, पण गोळीसाठी लिंबू आणायला पैसे नाहीत म्हणून कोणी खंत करू नये. पाण्याबरोबर घेतलेली गोळी काम करते.

दिवसातली कोणती वेळ, हा प्रश्न अलीकडे पुढे आला आहे. यकृतात तयार होणारं हेपसिडिन नावाचं संप्रेरक आतड्यातून लोह आत येण्याचं दार आवळतं. ते सकाळी कमी असतं, दिवस चढेल तसं वाढतं, आणि ६० मिलिग्रॅमच्या एका गोळीनेही वाढून साधारण दिवसभर चढं राहतं. म्हणून झुरिकच्या प्रयोगात दुपारी घेतलेल्या गोळीचं शोषण सकाळच्या मानाने ३७ टक्क्यांनी कमी होतं, आणि तिथल्याच आधीच्या कामात एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून रोजच्यापेक्षा दर गोळीमागे जास्त लोह अंगी लागलं. हे वाचून कोणी सकाळचा हट्ट धरेल तर तो इथे उलटा पडेल. आपल्याकडे सकाळ म्हणजेच चहा. उठल्यावर एक, पाहुणा आला की एक, रानात निघण्याआधी एक. सकाळच्या वेळेचा फायदा साधारण एक तृतीयांश, आणि चहाचं नुकसान निम्म्याहून जास्त; बेरीज-वजाबाकी केली तर चहाशेजारच्या सकाळपेक्षा चहाविना रात्र सरस ठरते. वाशी-भूम-कळंबकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं उदाहरण घ्या. पहाटेच्या अंधारात चहावर फडात उतरायचं, दुपार मोळ्या बांधण्यात. एकच निवांत वेळ, निजायच्या आधीची. तिथे गोळीची जागा उशाशीच, लेकराच्या आणि उंदराच्या हाती न लागेल अशा डबीत. नवरात्रातल्या उपासाचंही सांगायला हवं: तुळजाभवानीचे नऊ दिवस अनेकजणी चहावर काढतात, आणि रिकाम्या पोटी गोळी घेतली असं त्यांना वाटतं, पण पोटात चहाच असतो. गरोदरपणात असे उपास न करणं चांगलं. केलेच तर गोळी रात्री, शेवटच्या चहानंतर दोन तासांनी. दिवसाआडच्या पद्धतीबद्दल मात्र सावध राहायला हवं. तो पुरावा बहुतांशी गरोदर नसलेल्या बायकांचा आहे, आणि गरोदर बाईच्या हातात वेळ मोजका असतो. डॉक्टरांनी रोज सांगितली असेल तर रोजच घ्यावी.

इथे एक आक्षेप राहतो: नियम सैल केले तर लोक सगळंच सैल करतील, त्यापेक्षा दहा सांगावेत म्हणजे पाच तरी पाळले जातील. हे मला पटत नाही, कारण दहांतले कोणते पाच पाळायचे ते बाई ठरवते, आणि ज्याला खरं वजन आहे तो चहाचाच नियम पाळायला सर्वांत अवघड असल्याने आधी सुटतो. शिवाय नियम लागू पडला की नाही हे ओळखायचं साधन हाताशी आहे. गोळी सुरू असली की शौचाला काळपट होते. ते धोक्याचं नाही, गोळी पोटात जात असल्याची खूण आहे. महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा मोजावं. ते निदान एका ग्रॅमने चढलं असेल तर वेळ बदलायची गरज नाही, ती गोळी रात्री जेवणावर घेत असो की दुधाबरोबर. चढलं नसेल तर आधी गोळ्यांच्या पट्ट्या मोजाव्यात, मग चहाचं विचारावं, आणि दोन्ही ठीक असूनही आकडा हलत नसेल तर वेळापत्रकाचा नाद सोडून कारण शोधावं: जंत, ब-१२ची कमतरता, थॅलेसेमिया, कुठून तरी जाणारं रक्त. सातच्या खाली असेल तर गोळीवर विसंबून चालत नाही. शिरेतून लोह किंवा रक्त द्यावं लागतं, आणि तो मोठ्या दवाखान्याचा विषय आहे.

बाकीच्या पूरक गोळ्यांचं थोडक्यात उरकता येतं. सरकारी कॅल्शियम हे कार्बोनेट असतं. त्याला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊन फायदा नाही. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची साठ हजारांची पुडी स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घेतली तर रक्तातली पातळी सुमारे एक तृतीयांशाने जास्त चढते. ती दुधातून घ्यायची आपल्याकडची रीत योग्यच आहे, फक्त दूध साय काढलेलं नसावं. ब-१२च्या मोठ्या मात्रेच्या गोळीला वेळेचं बंधन नाही. वेळेचा खरा कडक नियम यांच्यापैकी कुणाचा नसून थायरॉइडच्या गोळीचा आहे, आणि तोच बहुधा सांगायचा राहतो. थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईने ती सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-कॉफी अर्ध्या ते एका तासाने, आणि लोह किंवा कॅल्शियम चार तासांनंतर. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिनला पोटातच अडकवतात. लोहाचा तोटा महिन्याभरात भरून काढता येतो, पण गरोदरपणाच्या सुरुवातीला थायरॉइड कमी पडणं बाळाच्या मेंदूच्या वाढीला भोवू शकतं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकंही लोह-कॅल्शियमबरोबर आणि दुधाबरोबर निकामी होतात. ती गरोदरपणात सहसा देत नाहीत, पण घरातल्या इतरांनी हे लक्षात ठेवावं.

मग एका दिवसात बसवायचं कसं? थायरॉइड नसलेल्या बाईने सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर पांढरी गोळी आणि निजताना लाल गोळी घ्यावी. रात्रीचा चहा असेल तर तो जेवणाआधी. एवढंच. यातली एक पांढरी गोळीही पुढेमागे कमी होण्याची शक्यता आहे. बंगळुरूमध्ये आणि टांझानियात प्रत्येकी ११ हजार गरोदर बायकांवर झालेल्या आणि २०२४च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमध्ये रोज १५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या तुलनेत ५०० मिलिग्रॅमने गरोदरपणातला घातक रक्तदाब रोखण्यात कमी काम केलं नाही. अकाली बाळंतपणाबाबत मात्र बंगळुरूत तसंच दिसलं, टांझानियात दिसलं नाही. सरकारी मात्रा बदलेपर्यंत दोन गोळ्याच घ्यायच्या. पण ती एक झाली तर लाल आणि पांढरी वेगळ्या ठेवायचा प्रश्नच उरणार नाही, दुपारच्या भाकरीबरोबर पांढरी आणि निजताना लाल.